लाल ट्रेमधला ग्रह

माझ्या आयुष्यातला पहिला ग्रह मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला. एकदा नाही, दहा वेळा. आणि टाकल्यावर दोन आठवडे तोंड वर करून सगळ्यांना सांगत होते की ग्रह काही सापडत नाही.

तेव्हा मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. चार वर्षं मी तिथे टेस्टिंग केलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता कळवायच्या, हे काम. पहिला भाग मला छान जमायचा. बीएस्सीला भौतिकशास्त्र होतं आणि ते सुटल्याची खंत अधूनमधून डोकं वर काढायची. मग कळलं की नदीपलीकडच्या एका कॉलेजात एक मॅडम परग्रहांवर काम करतात आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येणारं माणूस हवंय. मी गेले. मॅडमनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगली नोकरी आहे की आपल्याला. तब्येत बरी आहे ना?"

हे मॅडमचं कौतुकाचं बोलणं होतं, हे कळायला मला महिना लागला.

काम ऐकायला सोपं होतं. अवकाशात एक दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याकडे टक लावून बसलेली. दर अर्ध्या तासाने ती प्रत्येक ताऱ्याचा उजेड मोजते आणि आकडा पाठवते. ते आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर उजेड, असे बिंदू मांडत गेलं की ताऱ्याचा प्रकाशवक्र तयार होतो. बहुतेक ताऱ्यांचा वक्र म्हणजे एक कंटाळवाणी, थोडी केसाळ, सरळ रेघ. पण एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला आणि त्याची वाट नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत येत असली, तर तो समोरून जाताना ताऱ्याचा थोडा उजेड अडवतो. रेघेत एक खळगा पडतो. काही तासांनी रेघ परत वर. ग्रहाची फेरी पूर्ण झाली की पुन्हा तसाच खळगा. ग्रह स्वतः कधीच दिसत नाही. दिसते ती फक्त त्याने केलेली तूट.

रजेच्या शेवटच्या महिन्यात मॅडमनी मला एक तारा दिला. म्हणजे एक लांबलचक नंबर आणि चार महिन्यांचे आकडे. "यात काही आहे का बघा," एवढंच.

आणि तीन आठवड्यांनी तो बुधवार उजाडला. माझी रजा रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंजवडीच्या बसमध्ये बसायचं, असं कंपनीचं पत्र आलं होतं. दुसरीकडे मॅडमच्या प्रकल्पात तीन वर्षांची एक जागा निघाली होती आणि तिच्यासाठी शुक्रवारी दुपारी त्या नाव पाठवणार होत्या. माझं नाव जाईल की नाही, हे त्या ताऱ्यावर ठरणार होतं. तसं कुणी बोललं नव्हतं, पण मॅडम बोलत नसत त्याच गोष्टी महत्त्वाच्या असत.

मी त्यांना वक्र दाखवला. तिसऱ्या महिन्यात चार सुंदर खळगे होते. एकापासून दुसरा आठ पूर्णांक चार दिवसांवर. आणि उरलेले तीन महिने सपाट.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "ग्रहाला एक महिन्याचं कंत्राट होतं का?"

मी पडद्यावरचे खळगे पुन्हा मोजले.

"अहो, ग्रह रजा घेत नाही. तुमच्यासारखी तर मुळीच नाही. तो आठ दिवसांनी येत असेल तर तिन्ही त्रिकाळ आठ दिवसांनीच येईल. चार महिन्यांत चौदा खळगे पाहिजेत. तुम्ही चार दाखवताय. दहा कुठे आहेत?"

"दुर्बिणीचा दोष असेल तिसऱ्या महिन्यात," मी म्हणाले. "त्या महिन्यात तिच्या रोखात थरथर आहे. आकडे जास्त विखुरलेत."

"असेल. मग तसं लिहून द्या. शुक्रवारी सकाळी. उद्या येऊ नका, गुरुवार आहे."

गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. पुण्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.

परत येताना येरवड्याच्या सिग्नलला बस पंधरा मिनिटं उभी होती आणि मला रडू येत होतं. रागही येत होता, बहुतेक ग्रहाचाच. तिसऱ्या महिन्यात कशाला आलास मग, निदान मला आशा तरी लागली नसती, असं मी एका परक्या ताऱ्याच्या खळग्याशी मनातल्या मनात भांडत होते.

गुरुवारी आमच्या विश्रांतवाडीतही वीज नव्हती. आई आठ दिवस नागपूरला मावशीकडे गेलेली. घरात मी आणि बाबा. पंखा बंद, म्हणून आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. बाबांनी आदल्या दिवशीच माझे ऑफिसचे तीन ड्रेस इस्त्रीला देऊन आणले होते आणि मला दिसेल असे खुर्चीवर ठेवले होते. कपाटातून माझं ओळखपत्रही काढलं होतं, निळ्या पट्टीसकट.

त्यांचं मला कळत होतं. बाबा तरुणपणी नागपूरकडून इथे आले, एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले आणि अठ्ठावीस वर्षं मशिनवरून उतरलेले बोल्ट नि पिना मोजत राहिले. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, स्वस्त माल आला, कारखान्याने एका दुपारी स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. त्यात स्वेच्छा कुणाची होती हे बाबांनी कधी विचारलं नाही. पण हातातली नोकरी आपण होऊन सोडणारं माणूस त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. आणि ते माणूस त्यांच्याच घरात निघालं होतं.

मी मांडीवर लॅपटॉप घेऊन मॅडमसाठी कबुलीजबाब लिहायला बसले. बॅटरी चाळीस मिनिटांची उरली होती.

"काय करून राहिली?" बाबांनी विचारलं. पुण्यात तीस वर्षं काढून त्यांची भाषा वर्धा ओलांडून आली नव्हती.

"नापास झाले ते लिहितेय."

"मले सांग."

मी सांगितलं. खळगे, आठ पूर्णांक चार दिवस, चार सापडले, दहा नाहीत.  सगळं ऐकून बाबांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न मी अजूनही दर आठवड्याला स्वतःला विचारते.

"नाही म्हणजे काय? ते दहा पीस फेल झाले, का आलेच नाही?"

"म्हणजे?"

"अगं, तपासणीला शंभर पीस येतात. कार्डावर नव्वद पास दिसतात. मग बाकीचे दहा फेल आहेत, का माझ्या टेबलावर पोचलेच नाही, हे वेगळं वेगळं आहे. तू पाहिलं का?"

मी पाहिलं नव्हतं. मी चित्र पाहिलं होतं. आणि चित्र काढताना मी बिंदू एकमेकांना रेघेने जोडले होते, कारण तसं सुबक दिसतं. मी रेघ काढून टाकली. नुसते बिंदू ठेवले. पहिल्या महिन्यातल्या त्या जागेवर गेले, जिथे खळगा असायला हवा होता.

तिथे सपाट काही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. भोक. सहा-सात बिंदू गायब आणि त्यांच्यावरून माझी सुबक रेघ पुलासारखी गेलेली.

पुढच्या जागी गेले. भोक. त्याच्या पुढच्या जागी. भोक. 

"बाबा, आलेच नाहीत," मी म्हणाले.

"मग मध्ये कोणी काढले?"

कोणी म्हणजे मीच. कंपनीत मी दोन वर्षं एका टेलिफोन कंपनीच्या नोंदी तपासल्या होत्या. तिथे पहिला धडा असा, की काम सुरू करण्याआधी नोंदी निवडून घ्यायच्या. जो आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडतो तो खराब, काढून टाक. तीच चाळणी मी डोळे झाकून इथे लावली होती. एका महिन्यातले आकडे साधारण किती विखुरतात ते काढायचं, आणि त्याच्या तिपटीहून जो लांब गेला तो बाद. टेलिफोनच्या नोंदींना ते ठीक होतं. इथे लांब पडलेला आकडा हाच तर ग्रह होता.

आणि तिसरा महिना का वाचला, तेही तेव्हाच लख्ख कळलं. त्या महिन्यात दुर्बीण थरथरत होती, आकडे मुळातच खूप विखुरलेले होते, त्यामुळे माझ्या चाळणीची भोकंही मोठी झाली आणि खळगे त्यातून सुटले. बाकीचे महिने स्वच्छ होते. जिथे आकडे स्वच्छ, तिथे चाळणी बारीक, आणि ग्रह चाळणीवर अडकून बाहेर. चांगल्या महिन्यांत मी ग्रह फेकला आणि वाईट महिन्यात तो माझ्या नजरचुकीने राहिला.

"फेकलेले कुठे आहेत?" बाबा म्हणाले.

ते उभे राहिले होते. बाबांच्या विभागात एक नियम होता, तो मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाद झालेला माल टाकायचा नाही. त्याला लाल रंगाची पट्टी मारायची, लाल ट्रेमध्ये ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा पुन्हा मोजायचा. कधी माल खराब नसतो, मोजणारं गेज झिजलेलं असतं. आमच्या घरी तुटलेली छत्रीसुद्धा लाल दोरा बांधून माळ्यावर असे. आई यावर काय बोलायची ते इथे लिहीत नाही.

त्या सवयीने मीही प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती. बाद केलेला प्रत्येक बिंदू एका वेगळ्या फाइलमध्ये जाऊन पडावा. त्या फाइलचं नाव मी 'लाल' ठेवलं होतं. मॅडमनी ते एकदा वाचून विचारलं होतं, "लाल बावट्याकडून निवडणुकीला उभ्या राहताय का?"

फाइल तीन आठवड्यांत मी एकदाही उघडली नव्हती. उघडली. बॅटरी अकरा मिनिटं. बिंदू पडद्यावर मांडले.

इकडेतिकडे पाच-सात एकटे बिंदू भरकटलेले होते, ते खरंच खराब असणार. बाकीचे सगळे घोळक्याने उभे होते. सहा-सहा, सात-सातचे दहा घोळके, सगळे एकाच खोलीवर, आणि त्यांच्यामध्ये तेच अंतर. थरथरत्या महिन्याच्या जागी तेवढी मोकळी जागा, तिथले चार माझ्याकडे आधीच होते. दहा आणि चार, चौदा.

मी ओरडले नाही, पण बाबांचा हात धरून जोरात हलवला. ते म्हणाले, "लिही, लिही आधी, बंद पडून राहिलं ते."

मी वेळा वाचत गेले, बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवत गेले. तीन पूर्णांक सात दिवस. बारा पूर्णांक एक. वीस पूर्णांक पाच. शेवटचा एकशे बारा पूर्णांक नऊ वाचला आणि पडदा काळा झाला.

मग आम्ही गॅलरीत बसून ग्रह हाताने मोजला. मी दोन खळग्यांमधलं अंतर काढायला लागले, तर बाबांनी पेन्सिल काढून घेतली.

"बोल्टच्या आट्यांचं अंतर कसं मोजतात? एक आटा मोजला तर हात हलला की चुकते. पहिल्या आट्यापासून शेवटच्यापर्यंत एकदम मोजायचं आणि मधल्या घरांनी भागायचं. चूक तेवढ्या घरांत वाटली जाते."

पहिल्या खळग्यापासून चौदाव्यापर्यंत एकशे नऊ पूर्णांक दोन दिवस. मधली घरं तेरा. बाबांनी शाळेतल्यासारखा उभा भागाकार मांडला. आठ पूर्णांक चार, बाकी शून्य. तिथलं वर्ष आपल्या आठ दिवस आणि साडेनऊ तासांचं. खरं तर सगळे परग्रह शोधणारे हेच करतात, पण मला ते बोल्टच्या आट्यांवरून कळलं.

"आणि मोठा किती आहे तो? तू तर पाहिलाच नाही त्याले."

मी आतून जेवायचं ताट आणलं, बाबांनी त्यांच्या हत्यारांच्या डब्यातून एक भला मोठा वॉशर. ताट म्हणजे तारा. वॉशरचं भोक बोटाने झाकायचं, की झाला ग्रह. ताटाच्या समोर तो धरला तर ताटाचा किती भाग झाकला जातो, तेवढी उजेडाची तूट.

"म्हणजे क्षेत्रफळाचा हिशेब," बाबा म्हणाले. "व्यास दहावा हिस्सा असला तर क्षेत्र शंभरावा हिस्सा झाकते."

"हो. आपला खळगा शंभरात एक पूर्णांक दोन इतका खोल आहे."

"मग वर्गमूळ घे."

वर्गमूळ आलं जवळजवळ शून्य पूर्णांक अकरा. ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या साधारण नवव्या हिश्शाइतका. पण नुसत्या खळग्यावरून एवढंच कळतं. तारा केवढा आहे ते माहीत नसेल तर ग्रह केवढा तेही कळत नाही. ते वेगळं, ताऱ्याच्या रंगावरून आणि तेजावरून ठरवलेलं असतं. आमचा तारा रुंदीने सूर्याच्या नऊ दशांश होता. सूर्याच्या रुंदीत एकशे नऊ पृथ्व्या मावतात, तर त्याच्या रुंदीत अठ्ठ्याण्णव. त्याला शून्य पूर्णांक अकराने गुणलं. पावणेअकरा पृथ्व्या. म्हणजे आपल्या गुरूहून जरासा लहान, आणि ताऱ्याच्या अगदी कानाशी. शाळेतल्या ग्रहगतीच्या तिसऱ्या नियमाने अंतरही काढलं, तर आपण सूर्यापासून जितके लांब त्याच्या तेराव्या हिश्शावर तो फिरत होता.

"वजन?" बाबांनी विचारलं.

"ते यातून कळत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि वॉशर पुसून डब्यात ठेवला. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर तसेच होते.

शुक्रवारी मी पहिल्या बसने कॉलेजात गेले, चाळणी काढून टाकली आणि चौदाही खळगे एकावर एक ठेवून पाहिले. एकच खळगा असावा तसे बसले. मॅडम आल्या तेव्हा मी उभीच होते.

"चूक माझी होती," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं, फेकलेल्या बिंदूंसकट.

"सम आणि विषम वेगळे केलेत?" त्यांनी विचारलं. म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा एका बाजूला आणि दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्या बाजूला. ते खोलीत वेगळे निघाले तर तो ग्रह नसतो. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतात, आळीपाळीने एकमेकांना झाकणारे, आणि खरा काळ दुप्पट असतो. मी त्यांच्यासमोर वेगळे केले.  दोन्ही बाजू सारख्याच खोल निघाल्या.

मॅडमनी स्वतःच्या संगणकावर एक यादी उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला. दुर्बीण चालवणाऱ्यांनीच प्रसिद्ध केलेली, ग्रह असण्याची शक्यता असलेल्या ताऱ्यांची यादी. त्यात माझा लांबलचक नंबर होता. काळ आठ पूर्णांक चार दिवस. आकार पावणेअकरा पृथ्व्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"अर्थात."

मला इतका राग आला की मी पिशवी उचलली. "मग तीन आठवडे माझं कशाला..."

"उत्तर मला माहीत नसतं तर तुमची चूक मला कशी दिसली असती? बुधवारीच कळलं होतं मला, चाळणी लावलीय ती. म्हटलं, बघू, दुर्बिणीवर ढकलतात की स्वतःच्या घरात शोधतात." त्यांनी एक कागद पुढे ओढला. "स्वच्छ डेटा घेऊन येणारे पुष्कळ येतात. टाकलेलं जपून ठेवणारं कुणी आलं नव्हतं. तीन वर्षांची जागा आहे. पुढच्या ताऱ्याचं उत्तर मलाही माहीत नाही. सोमवारी साडेनऊला या. हिंजवडीला जायचं असेल तर आत्ता सांगा, नाव टाईप व्हायचंय."

मी पिशवी खाली ठेवली.

घरी पोचले तेव्हा बाबा दारातच होते. मी सांगितलं, ग्रह खरा आहे. जागा मिळतेय. आणि ग्रह नवा नाही, आधीच कुणीतरी शोधलेला होता. शेवटचं सांगताना माझा आवाज बारीक झाला.

बाबांनी विचारलं, "आपण मोजला तेव्हा आपल्याले माहीत होतं?"

"नाही."

"आणि माप जुळलं?"

"तंतोतंत."

"मग मोजणारी पास आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, आता सोमवारचं बोलणं निघणार. मी मनात उत्तरं तयार करत त्यांच्या मागे गेले. ते खुर्चीपाशी उभे होते. इस्त्रीचे तीन ड्रेस त्यांनी उचलून कपाटात ठेवले होते. कंपनीचं ओळखपत्र टेबलावर होतं आणि बाबा त्याच्या निळ्या पट्टीला सावकाश, नीट, लाल दोरा बांधत होते.

गाठ मारून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"माळ्यावर ठेव," ते म्हणाले. "फेकू नको."